वडील घसरून पडले त्याला वीस दिवस झाले, थांबलेलं डोकं परत दुखायला लागलंय

खळ्यातला_माड | सोमवार, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. आई-बाबा देवगड तालुक्यात गावी दोघंच असतात, मी नोकरीसाठी रत्नागिरीला. बाबा ६९ वर्षांचे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवरून येताना जांभ्याच्या पायरीवर शेवाळावरून पाय सटकला आणि डोक्याची मागची बाजू कठड्यावर आपटली. शुद्ध हरपली नाही, उलटी नाही, फक्त मोठं टेंगूळ आलं. गावातल्या डॉक्टरांनी लगेच बघितलं, डोळ्यांत बॅटरी मारली, हातपाय हलवायला लावले, म्हणाले सगळं ठीक दिसतंय, पॅरासिटामॉल द्या आणि दोन दिवस कोणीतरी सोबत रहा. चार-पाच दिवस डोकं दुखलं, मग पूर्ण थांबलं, बाबा बागेत गवत काढायला पण जायला लागले.

आता गेल्या चार दिवसांपासून परत दुखतंय. सकाळी उठल्यावर जास्त, खोकला आला की ठणका लागतो म्हणतात. आई म्हणते दुपारचे खूप झोपतात आणि चिडचिड करतात. गणपती आठ-नऊ दिवसांवर आलेत, बाबांचं म्हणणं आहे की पावसाने सर्दी भरलीय, डॉक्टरबिक्टर गणपतीनंतर. मार लागल्यावर डोकं किती दिवस दुखणं नॉर्मल असतं? थांबून परत सुरू होणं चालतं का?

---

पोफळबाग | सोमवार, रात्री ९:४८

घाबरू नका. डोक्याच्या माराचं पहिले २४ ते ४८ तास महत्त्वाचे असतात, त्यात उलट्या झाल्या, झोपेतून उठवता येईना, बडबड वेडीवाकडी झाली, फिट आली, नाकाकानातून पाणी किंवा रक्त आलं तर धोका. तुमच्या बाबांना तसं काहीच झालं नाही आणि आता वीस दिवस उलटलेत म्हणजे तो टप्पा गेला. माझा भाऊ माडावरून झावळी डोक्यात पडून जखमी झाला होता तेव्हा आम्ही रात्रभर दर तासाला त्याला उठवत होतो, तीन आठवडे डोकं दुखत होतं, नंतर आपोआप गेलं. आता दर तासाला उठवायची पण गरज नाही तुम्हाला.

---

आंबोळी_चटणी | सोमवार, रात्री १०:०५

पावसाळ्यात पित्ताने डोकं असंच सकाळी धरतं. माझ्या सासूबाईंना पण होतं, त्यात उपास आणि चहा. श्रावण चालू आहे, बाबा उपास करतात का? आवळ्याचं सरबत देऊन बघा. आणि चष्म्याचा नंबर बदललाय का तो पण तपासा, जवळचं बघताना त्रास होत असेल तर डोळ्यांनी डोकं दुखतं.

---

दीपमाळ_ना | सोमवार, रात्री १०:३१

मी अकरा वर्षं मेंदूच्या शस्त्रक्रिया विभागात नर्स होते, आता सावंतवाडीला असते. पोफळबाग यांनी सांगितलेली लक्षणं बरोबर आहेत, पण ती पटकन होणाऱ्या रक्तस्रावाची. ४८ तास गेले म्हणजे धोका गेला हे तरुण माणसाला बऱ्यापैकी लागू पडतं, ६९ वर्षांच्या माणसाला नाही.

खळ्यातला_माड, तीन गोष्टी आत्ता आईंना फोन करून विचारा. एक, बाबा रक्त पातळ करायची कुठली गोळी घेतात का, इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, अ‍ॅसिट्रॉम, किंवा नाव माहीत नसेल तर हृदयाचं काही झालंय का. दोन, चालण्यात काही फरक जाणवला का, भिंतीचा आधार घेणं, एका बाजूला जाणं, पाय ओढणं. तीन, जेवताना वस्तू हातातून पडणं, बटण लावायला वेळ लागणं, शब्द न आठवणं असं काही. पोस्ट वाचून मला बरं वाटत नाहीये, म्हणून विचारतेय.

---

खळ्यातला_माड | सोमवार, रात्री ११:१०

आईशी बोललो. गेल्या डिसेंबरमध्ये बाबांना स्टेंट टाकलाय, इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू आहेत, रोज. हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायलाच हवं होतं, मला त्याचा डोक्याशी संबंध असेल हे सुचलंच नाही, आणि पडले तेव्हा गावातल्या डॉक्टरांनाही आम्ही सांगितलं नव्हतं.

चालण्याचं विचारल्यावर आई आधी नाही म्हणाली, मग म्हणाली की दोन दिवस डाव्या पायातली चप्पल सारखी सुटते, अंगणात मागे राहते आणि बाबा तसेच पुढे जातात, तिला वाटलं चपलेचा पट्टा सैल झालाय. काल दुकानातून नवीन आणली तरी तेच.

---

दीपमाळ_ना | सोमवार, रात्री ११:२२

चपलेची गोष्ट ऐकून आता वाट बघायची नाही. उद्या सकाळी उठून सीटी स्कॅन, गणपतीनंतर नाही. आज रात्री आईंनी एकट्या झोपू नये, शेजारच्या कोणाला तरी बोलवा, रात्रीत उलटी झाली, हाक मारून नीट उठले नाहीत, बोलणं अडखळलं, हात-पाय अजून कमी हलला किंवा एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसली तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन. आजची उद्याची गोळी घ्यायची की नाही ते मनाने ठरवू नका. स्टेंट टाकून वर्ष व्हायचंय, गोळी अचानक थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. हृदयाच्या डॉक्टरांना सकाळीच फोन करून विचारा, पडल्याचं आणि चपलेचं दोन्ही सांगा.

का म्हणतेय ते सांगते. वयाप्रमाणे मेंदू थोडा आकसतो, त्यामुळे कवटीच्या आतल्या आवरणापासून तो जरा लांब होतो आणि मधल्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात. डोकं आपटलं की त्यातली एखादी शीर फाटते, रक्त धो धो येत नाही, विहिरीच्या कडेने पाणी झिरपतं तसं थेंब थेंब. तरुणाच्या डोक्यात जागा नसते म्हणून लगेच दाब वाढतो आणि लगेच कळतं. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात जागा असते, म्हणून मधले दोन-तीन आठवडे काहीच कळत नाही. साचलेलं रक्त पातळ होतं, त्याला पडदा धरतो, तो पडदाही आतून पुन्हा पुन्हा झिरपत राहतो आणि पिशवी मोठी होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हे अजून सोपं होतं. दाबामुळे रात्रभर आडवं राहून सकाळी उठल्यावर आणि खोकताना डोकं जास्त दुखतं. उजव्या बाजूला साचलं तर डावा पाय मंदावतो, म्हणून चप्पल.

आमच्या वॉर्डात असे पेशंट डोकं दुखतंय म्हणून कमी यायचे. जास्त यायचे ते 'बाबा आठवड्याभरात विसरायला लागले', 'आई सारखी एका बाजूला कलते' अशा तक्रारीने, घरचे म्हातारपण समजून बसलेले असायचे, आणि महिनाभरापूर्वी पडल्याचं विचारलं की मग आठवायचं.

---

पोफळबाग | मंगळवार, सकाळी ६:५०

हे मला माहीत नव्हतं. रात्री मी लिहिलेलं परत वाचलं, ४८ तासांची गोष्ट मी सरसकट लावली ती चूक. पण एक विचारायचं आहे, पहिल्याच दिवशी सीटी काढला असता तर हे दिसलं असतं का? आमच्या भावाचा पहिल्या रात्री काढला होता, नॉर्मल आला होता.

---

दीपमाळ_ना | मंगळवार, सकाळी ७:१५

पहिल्या दिवशी काढायला हवाच होता, ६५ च्या वरचं वय आणि त्यात या गोळ्या. पण तो नॉर्मल आला असता तरी आजची पोस्ट बदलली नसती, कारण झिरपणं नंतर सुरू झालेलं असू शकतं. पहिला सीटी नॉर्मल आहे म्हणून तीन आठवड्यांनी नवीन लक्षण आलं तर दुर्लक्ष करायचं नसतं.

अजून एक, खळ्यातला_माड, सीटीच्या ठिकाणी पडल्याची तारीख सांगाच. ताजं रक्त स्कॅनमध्ये पांढरं दिसतं, जुनं काळपट, आणि मधल्या दोन-तीन आठवड्यांच्या काळात ते मेंदूच्याच रंगाचं दिसतं. बारीक नजरेने बघितलं नाही तर सुटू शकतं. तारीख सांगितली की बघणारा त्या नजरेने बघतो.

---

मिठागराकाठी | मंगळवार, सकाळी ११:३०

धागा वाचून मलाही भीती वाटायला लागली. माझी मुलगी १४ वर्षांची, शाळेत कबड्डी खेळताना दुसऱ्या मुलीचं डोकं हिच्या कपाळाला लागलं, त्याला पाच आठवडे झाले. त्याच दिवशी डोकं दुखलं, एकदा उलटी, पेणच्या हॉस्पिटलमध्ये ठेवून बघितलं, सीटी काढला, नॉर्मल आला. आता शाळेत गेली की तिसऱ्या-चौथ्या तासाला डोकं धरून बसते, संध्याकाळी फोन बघितला की पण. रोज एक डोकेदुखीची गोळी द्यावी लागते, नाहीतर अभ्यास होत नाही. हे पण रक्त साचण्यातलं आहे का? तिच्याही पायातली चप्पल मधेच निघते, पण ती तशीही पळतच असते.

---

दीपमाळ_ना | मंगळवार, दुपारी २:१०

मिठागराकाठी, तुमच्या मुलीची गोष्ट वेगळ्या प्रकारची वाटते, तरी पाच आठवडे झालेत म्हणजे डॉक्टरांना परत दाखवायलाच हवं. फरक कळायला दिशा बघा. साधा मार असेल तर डोकं पहिल्या दिवसांत जास्त दुखतं आणि आठवड्यागणिक कमी होत जातं, मधे मधे कमी-जास्त होतं, श्रम केले की वाढतं, आराम केला की उतरतं. मोठ्यांना साधारण दोन आठवडे, मुलांना चार आठवड्यांपर्यंत लागतात, काहींना महिनोन्महिने. दिशा उलटी झाली, म्हणजे दुखणं दिवसागणिक वाढतंय, थांबून परत आलंय, किंवा आरामानेही उतरत नाही, तर मग वेळ घालवायचा नाही. तुमच्या मुलीचं शाळेत वाढतं आणि घरी उतरतं, ते पहिल्या प्रकारात बसतं.

पण मला ती रोजची गोळी जास्त काळजीची वाटते. डोकेदुखीच्या गोळ्या महिन्यातले दहा-पंधरा दिवस घेतल्या जात असतील आणि असं तीनेक महिने चाललं तर गोळीच डोकं दुखवायला लागते, गोळीचा असर उतरला की दुखतं, परत गोळी. पाकिटावर बघा, दोन-तीन औषधं एकत्र आहेत का, कॅफिन आहे का, तसली असेल तर त्याला दहा दिवसही पुरतात. थांबवायची कशी ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

---

मिठागराकाठी | मंगळवार, दुपारी ३:०५

पाकिटावर तीन नावं आहेत, त्यातलं एक कॅफिनच. मला वाटत होतं साधी गोळी आहे.

सुरुवातीला आम्ही दोन आठवडे तिला अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवलं, फोन, टीव्ही, पुस्तक सगळं बंद. ते बरोबर होतं ना? आणि क्रीडाशिक्षक म्हणतात तालुक्याच्या मॅचेस आहेत, डोकं बारीक दुखत असलं तरी खेळली तरी चालेल.

---

दीपमाळ_ना | मंगळवार, रात्री ९:४०

पूर्ण आराम फक्त पहिला एक-दोन दिवस. नंतर हळू चालणं, थोडं घरातलं काम, अर्धा दिवस शाळा असं वाढवत न्यायचं. एखाद्या गोष्टीने डोकं बरंच वाढलं तर एक पायरी खाली, बारीक वाढलं तर चालू ठेवायचं. दोन आठवडे अंधारात ठेवलं की मुलं उलट सुस्त होतात, झोपेचं चक्र बिघडतं, चिडतात. तुम्ही मुलीसाठीच केलं, आता पुढचं बघू. झोपेची वेळ ठरवा, शाळेत तिसऱ्या तासाला दहा मिनिटं शांत बसायची सोय मागून घ्या.

कबड्डी मात्र नाही. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा लागला तर त्रास खूप वाढतो, क्वचित मेंदूला अचानक सूज येऊन जीवावर बेततं. डोकं दुखत असताना खेळायचं नाही, आधी पूर्ण शाळा त्रासाशिवाय झाली पाहिजे, मग पळणं, मग एकटीचा सराव, मग डॉक्टरांनी हो म्हटल्यावर पकड असलेला खेळ. शिक्षकांना डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच सांगा, म्हणजे वाद होणार नाही.

---

आचऱ्याचो_बाबी | मंगळवार, रात्री १०:१५

खळ्यातल्या माडा, काय झाला बाबांचा? माझ्या आजोबांका असाच झाला होता. पडल्यावर महिनाभर काय नाय, मग एक दिवस जेवणाक बसले तर घास तोंडापर्यंत जायना. आम्ही समजलो लकवो मारलो. कोल्हापूराक नेला, थय सांगितल्यानी डोक्यात रक्त साचला हा. काढल्यानी, दुसऱ्या दिवशी हात हलवक लागले. माका अजून आठवता.

---

खळ्यातला_माड | बुधवार, रात्री ११:४५

उत्तर द्यायला उशीर झाला, सगळं पटापट झालं. रात्री दीडला निघून गाडीने गावी आलो, सकाळी हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले आत्ताची गोळी थांबवा आणि आधी सीटी काढा. बाबा तयार होईनात, म्हणाले डोकं ठणकायला लागलं म्हणून कोणी पैसे फुकट घालवतं का. मी काही न बोलता त्यांना डोळे मिटून दोन्ही हात तळवे वर करून पुढे धरायला सांगितले, दीपमाळ ताईंनी मला मेसेजमध्ये ही युक्ती सांगितली होती. उजवा हात तसाच राहिला, डावा हळूहळू खाली आला आणि तळवा आतल्या बाजूला वळला. डोळे उघडल्यावर त्यांनी स्वतः बघितलं. त्यानंतर काही बोलले नाहीत, शर्ट घातला.

कणकवलीला सीटी काढला. उजव्या बाजूला रक्त साचलंय, सगळ्यात जाड ठिकाणी दोन सेंटीमीटरच्या आसपास, आणि त्या दाबाने मेंदूची मधली रेघ एका बाजूला सरकलीय. तिथल्या डॉक्टरांनी लगेच मोठ्या ठिकाणी न्यायला सांगितलं. गोव्याला बांबोळी की कोल्हापूर असा विचार झाला, मामेभाऊ कोल्हापूरला असतो म्हणून फोंडा घाट चढून कोल्हापूरला आणलं. घाटात धुकं आणि पाऊस, १०८ च्या गाडीतले डॉक्टर दर पंधरा मिनिटांनी बाबांना हाक मारून डोळे बघत होते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा असर उतरायला पाच-सात दिवस लागतात म्हणे, पण मधली रेघ सरकली असल्याने तेवढं थांबणार नाही, प्लेटलेट तयार ठेवून उद्या सकाळी ऑपरेशन. कवटीला दोन छोटी भोकं पाडून रक्त धुऊन काढतात.

---

पोफळबाग | गुरुवार, सकाळी ७:३०

आज सगळ्यांचं लक्ष तुमच्याकडेच. कोल्हापुरात काही लागलं तर सांगा, माझे साडू तिथे आहेत.

---

दीपमाळ_ना | गुरुवार, सकाळी ८:००

हाताची ती युक्ती मी मेसेजमध्ये सांगितली होती, इथे वाचणाऱ्यांसाठी एक लिहिते. हात खाली गेला तर लगेच हालचाल करा, पण दोन्ही हात नीट राहिले तर सगळं ठीक असं समजू नका. इकडे बाबांना पटवायला उपयोगी पडली.

ऑपरेशननंतर एक नळी ठेवतात, साधारण दोन दिवस, तोपर्यंत बऱ्याच ठिकाणी सपाट झोपवतात. उशी मागतील, देऊ नका, नर्सला विचारा. आणि लगेच बोलायला-चालायला लागले म्हणून घाईने उठवू नका.

---

खळ्यातला_माड | शनिवार, संध्याकाळी ६:२०

ऑपरेशन झालं. आज नळी काढली. रक्त काळं, इंजिन ऑईलसारखं होतं असं डॉक्टर म्हणाले. बाबांचा डावा हात गुरुवारी रात्रीच बरोबर धरता येत होता. डोकं दुखतंय, पण टाक्यांच्या जागी, सकाळचं ते आतलं दडपण गेलं म्हणतात. आज आईला विचारत होते घरी गणपतीची आरास कोण करतंय.

आता प्रश्न वेगळाच आहे. स्टेंटच्या गोळ्या परत कधी सुरू करायच्या? मेंदूचे डॉक्टर म्हणतात काही आठवडे थांबून परत सीटी बघू, हृदयाचे डॉक्टर म्हणतात एवढे दिवस काहीच न देणं मला पटत नाही, निदान एक तरी लवकर द्या. दोघंही चांगले आहेत, दोघांचं वेगळं आहे. कोणाचं ऐकू?

---

दीपमाळ_ना | शनिवार, रात्री ९:१०

यावर मी सांगू शकेन असं उत्तर नाही. दोन डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा, तुम्ही निरोप्या होऊ नका. दोघांचे फोन नंबर एकमेकांना द्या, स्टेंट कधी टाकला, कुठल्या जातीचा, तो कागद पाठवा. माझ्या पाहण्यात हा निर्णय प्रत्येक पेशंटचा वेगळा होता.

एक लक्षात ठेवा, साचलेलं रक्त परत साचू शकतं, दहातल्या एकाला किंवा त्याहून थोड्या जास्त जणांना होतं. म्हणून घरी गेल्यावर जे पहिल्यांदा तुमच्या नजरेआड गेलं तेच बघायचं आहे, सकाळचं डोकं, दुपारची झोप, आणि चप्पल.

---

मिठागराकाठी | रविवार, सकाळी १०:०५

आम्ही काल दाखवून आलो. डॉक्टरांनी गोळी बंद केलीय, म्हणाले पहिले आठ-दहा दिवस डोकं जास्त दुखेल, टिकून राहा. आज दुसरा दिवस आहे, सकाळपासून रडतेय. क्रीडाशिक्षकांना चिठ्ठी दिली, ते अजून नाराजच आहेत. दीपमाळ ताई, आठ दिवसांनंतरही कमी झालं नाही तर परत सीटी काढावा लागेल का?

---

दीपमाळ_ना | रविवार, दुपारी १:३०

नुसतं दुखणं तसंच राहिलं तर बहुतेक नाही, ते डॉक्टर बघून ठरवतील. उलट्या, झोपाळूपणा, चालण्यात फरक यातलं काही नवीन आलं तर हो, त्याच दिवशी. रोज रात्री एका वहीत दुखणं दहापैकी किती ते लिहून ठेवा, म्हणजे आठ दिवसांनी दाखवायला आकडे असतील.

---

खळ्यातला_माड | मंगळवार, रात्री ८:४०

काल दुपारी डिस्चार्ज मिळाला. दोन्ही डॉक्टर फोनवर बोलले, एक गोळी कधी सुरू करायची ते पुढच्या सीटीनंतर ठरवणार. वही आम्हीही केलीय, आई लिहिते. आज सकाळी 'डोकं नाही, झोप दुपारी पाऊण तास, चप्पल ठीक' असं लिहिलंय. आणि विहिरीच्या पायऱ्यांवर मी आज ब्लीचिंग पावडर टाकून शेवाळ घासून काढलं, उद्या बाजूला लोखंडी कठडा बसवायला माणूस येतोय.